पाच तारखेचे महत्त्व

बार्शीच्या एका धान्य व्यापाऱ्याने ६ एप्रिल रोजी सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीच्या, म्हणजेच पीपीएफच्या, नव्या खात्यात दीड लाख रुपये भरले. दर वार्षिक ७.१ टक्के. ३१ मार्चला व्याज १०,६५० रुपये जमा होईल, असा त्यांचा हिशेब होता. पासबुकात मात्र ९,७६२ रुपये ५० पैसे दिसले. फरक ८८७ रुपये ५० पैशांचा, म्हणजे बरोबर एका महिन्याच्या व्याजाचा.

हिशेबात चूक नव्हती. पीपीएफचे व्याज वर्षअखेरीस जमा होत असले, तरी त्याची आकारणी दरमहा होते. महिन्याच्या पाच तारखेचे कामकाज संपल्यापासून महिनाअखेरपर्यंत खात्यात जी किमान शिल्लक असेल, तिच्यावरच त्या महिन्याचे व्याज मिळते. ६ एप्रिलला भरणा झाला, पण पाच तारखेच्या अखेरीस शिल्लक शून्य होती. म्हणून एप्रिलचे व्याज शून्य. उरलेल्या अकरा महिन्यांचे तेवढे मिळाले.

एका वर्षाची ही रक्कम किरकोळ वाटेल. परंतु व्याजावर व्याज चढत असल्याने तूटही वाढत जाते. दर कायम धरून पंधरा वर्षे सहा तारखेलाच दीड लाख भरत गेल्यास, पंधराव्या वर्षाच्या अखेरीस सुमारे साडेबावीस हजार रुपये कमी पडतात. प्राप्तिकराची आठवण होऊन दरवर्षी मार्चच्या उत्तरार्धात भरणा करणाऱ्यांची तूट तर पावणेतीन लाखांच्या जवळपास जाते. कारण त्या वर्षीच्या भरण्यावर त्या वर्षी काहीच व्याज मिळत नाही.

धनादेश देणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. धनादेश दिल्याचा नव्हे, तर तो वठल्याचा दिवस भरण्याचा दिवस धरला जातो. चार तारखेला दिलेला धनादेश सहाला वठला, तर महिना गेलाच. एप्रिलच्या आरंभी बँकांच्या सुट्ट्याही असतात.

हाच नियम पैसे काढतानाही लागू होतो. २८ तारखेला रक्कम काढली, तर किमान शिल्लक घटते आणि त्या रकमेचे संपूर्ण महिन्याचे व्याज जाते. काढायचेच असेल, तर पुढील महिन्याच्या एक तारखेपर्यंत थांबावे. सरलेल्या महिन्याचे व्याज पदरात पडते.

मात्र पाच तारीख साधण्यासाठी उसनवारी करू नये. दरमहा एक टक्क्याने दीड लाख उचलल्यास महिन्याला १,५०० रुपये जातात आणि येतात ८८७. एकरकमी पैसा मोकळा नसेल, तर दरमहा पाच तारखेच्या आत १२,५०० रुपये भरावेत. व्याज वर्षारंभीच्या एकरकमी भरण्याइतके मिळणार नाही; परंतु दुकानाचे भांडवल अडकत नाही आणि भरलेल्या रकमेचा एकही महिना वाया जात नाही.