सोलरची प्लेट आपले देणे कधी फेडते?

नगरहून छत्रपती संभाजीनगरकडे निघालात की शनिशिंगणापूरला वळायचा फाटा घोडेगावला लागतो. नेवासे तालुक्यातले हे गाव जनावरांच्या आणि कांद्याच्या बाजारासाठी ओळखले जाते. या भागातल्या शेतांत आता सोलर पंप दिसू लागले आहेत आणि त्यांच्याबरोबर एक शंकाही फिरते: ही प्लेट बनवायला जेवढी वीज जळते, तेवढी ती आयुष्यात परत देते का?

शंका जुनी आहे आणि एके काळी तिच्यात दम होता. १९७६ साली हंट नावाच्या अमेरिकी अभ्यासकाने हिशोब मांडला, तेव्हा सौरघटाला आपल्या घडणीची ऊर्जा फेडायला सुमारे १२ वर्षे लागत होती.

ऊर्जा नेमकी जाते कुठे, हे आजच्या ५४० वॉटच्या प्लेटवर पाहू. तिचे वजन साधारण २८ किलो. त्यात बहुतेक काच आणि ॲल्युमिनियमची चौकट. सिलिकॉन मात्र किलोभरसुद्धा नसते. तरी ऊर्जेचा मोठा वाटा तेच खाते. गारगोटीचा दगड कोळशाबरोबर विजेच्या भट्टीत तापवून आधी कच्चे सिलिकॉन काढतात. त्याला किलोमागे ११ ते १३ युनिट लागतात. ते सौरघटाला चालत नाही, म्हणून त्याचा वायू करून तापलेल्या कांड्यांवर पुन्हा शुद्ध सिलिकॉन जमवतात. या टप्प्याला किलोमागे आणखी ५० युनिटांच्या आसपास वीज लागते. मग १,४१४ अंशांना वितळवून त्याचा एकसंध स्फटिक ओढायचा आणि हिऱ्याचे कण बसवलेल्या तारेने त्याचे कागदासारखे पातळ काप करायचे. कापताना बराच भुसा वाया जातो, त्यामुळे प्लेटमध्ये दिसते त्याच्या जवळपास दीडपट सिलिकॉन आधी शुद्ध करावे लागते. काप पातळ झाले, तार बारीक झाली, शुद्धीकरणाची वीज घटली आणि घटाची कार्यक्षमता वाढली; १२ वर्षांचा आकडा यामुळेच कोसळला.

कोळसा, वायू, वीज असे सगळे विजेच्या मापात आणले, तर अशा एका प्लेटमागे ढोबळमानाने ५०० युनिट धरायला हरकत नाही. कारखाना जुना असेल तर जास्त, नवा असेल तर कमी. आपल्याकडच्या उन्हात एक किलोवॉटच्या प्लेटा वर्षाला सुमारे १,४५० युनिट देतात, म्हणजे ही एक प्लेट ७८० च्या आसपास. फेड आठ महिन्यांत होते.

पण हा हिशोब तयार झालेले प्रत्येक युनिट वापरले जाते असे धरून आहे, आणि शेतातला सोलर पंप नेमका इथेच वेगळा पडतो. तीन एचपीच्या पंपाला ३,००० वॉटच्या प्लेटा लागतात. प्लेटा, लोखंडी सांगाडा, मोटर आणि कंट्रोलर मिळून ३,८०० युनिटांचे देणे धरू. वर्षभर पूर्ण वापर झाला तर ४,३५० युनिट मिळतात आणि देणे साडेदहा महिन्यांत फिटते. उसाला पाणी देणारा शेतकरी त्याच्या जवळ जाऊ शकतो. पण ज्याच्या शेतात फक्त रब्बीचा कांदा आहे, त्याचा पंप नोव्हेंबर ते मार्च चालतो आणि एरवी प्लेटा उन्हात नुसत्या उभ्या राहतात. मोटर बंद असली की प्लेट वीज साठवत नाही, ती तयारच होत नाही. अशा शेतात वापर एक तृतीयांशावर येतो आणि फेड अडीच वर्षांच्या पुढे जाते. २५ वर्षांच्या आयुष्यात तीही फायद्याचीच, पण कुवतीच्या दोन तृतीयांश ऊन दरवर्षी हातचे जाते.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा मार्ग ऊर्जेच्या हिशोबात म्हणूनच उजवा ठरतो. तिथे प्लेटा उपकेंद्राला जोडलेल्या असतात. पंप बंद असले तरी वीज दुसरीकडे वापरता येते. शेतातल्या सुट्या पंपासाठी उपाय आहे तो युनिव्हर्सल कंट्रोलरचा. पंप बंद असताना तीच वीज कडबाकुट्टीला किंवा पिठाच्या चक्कीला देता येते. जनावरे राखणाऱ्या घोडेगावच्या परिसरात कडबाकुट्टीचे काम बाराही महिने असते.

फेड लांबवणारी दुसरी गोष्ट धूळ. रस्त्याची माती आणि गाळपाच्या दिवसांत साखर कारखान्याची काजळी काचेवर बसते. प्लेटा पुसायला त्यांच्यावर पाय देऊन चढू नये. घटांना पडणारे तडे डोळ्यांना दिसत नाहीत, पण वीज कायमची घटते. सकाळी काच गार असताना खालूनच पाणी मारून मऊ फडक्याने पुसावी.

कंट्रोलरच्या पडद्यावर एकूण युनिटांचा आकडा असेल, तर तो आज वहीत लिहून ठेवा आणि वर्षाने पुन्हा पाहा. तीन एचपीच्या पंपावर फरक १,५०० च्या खाली निघाला, तर नव्या प्लेटा मागण्याआधी आहेत त्यांना वर्षभराचे काम शोधा.