साहेब सोमवारी रुजू होतायत

चाकणच्या औद्योगिक वसाहतीतला दुचाकीचे सुटे भाग बनवणारा एखादा कारखाना डोळ्यांसमोर आणा. मुलीच्या लग्नासाठी प्लँट मॅनेजर ३ ते १४ नोव्हेंबर रजेवर आहेत. तेवढ्या दिवसांत कारखान्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर साडेतीनशेच्या वर मेसेज पडले. १७ तारखेला, सोमवारी सकाळी ते खुर्चीत बसतील तेव्हा त्यांच्यासमोर एक छोटा ई-मेल हवा. तो लिहायचं काम बहुतेक वेळा एखाद्या तरुण इंजिनिअरच्या गळ्यात पडतं आणि तो तारीखवार लिहायला बसतो: ५ तारखेला माल आला, ६ तारखेला तपासला, मग सप्लायरला फोन केला... यातलं एकही वाक्य खोटं नसतं, पण पान संपलं तरी आज काय करायचं ते साहेबांना कळत नाही. त्यांना सोमवारी सकाळी कुठली गोष्ट कुठे अडली आहे आणि त्यात आपला शब्द कुठे लागणार आहे, एवढंच हवं असतं.

म्हणून आधी अख्खा ग्रुप एकदा सलग वाचायचा आणि कागदावर फक्त विषय लिहायचे. आपल्या कारखान्यात वाढदिवसाच्या शुभेच्छा, कँटीनची तक्रार आणि ‘नोटेड सर’ वगळल्यावर खरा विषय एकच उरतो, तो म्हणजे जस्ताचं प्लेटिंग केलेल्या १२,००० पिना. त्या दोन लॉटमध्ये आल्या, ए लॉटमध्ये ४,००० आणि बी लॉटमध्ये ८,०००. ड्रॉइंगप्रमाणे प्लेटिंगचा थर किमान ८ मायक्रॉन हवा. बी लॉटमधल्या नमुन्यांवर तो ५-६ मायक्रॉनच भरला. थर पातळ असला की पिनेला गंज लवकर धरतो, म्हणून क्वालिटीने ६ तारखेला सकाळी माल होल्डवर टाकला. इथवर सगळं सरळ आहे.

गुंता आकड्यांपासून सुरू होतो. स्टोअरवाल्याने आधी लिहिलं, ‘१२,००० होल्ड’. दुपारी क्वालिटीने लिहिलं, ‘८,००० रिजेक्ट’. दुसऱ्या दिवशी पुन्हा स्टोअरचा मेसेज, ‘मोजून ७,५०० भरले’. सारांश करणारा इथे शेवटचा आकडा उचलतो आणि पुढे सरकतो. खरं तर तिन्ही आकडे बरोबर आहेत. आधी सगळाच माल थांबवला होता, मग ए लॉट तपासून सोडला आणि उरलेल्या बी लॉटमध्ये ५०० पिना कमी भरल्या. त्या ५०० गेल्या कुठे, हे विचारलं तरच या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हाती लागते.

तिचं उत्तर ग्रुपवरच आहे, फक्त शुभेच्छांच्या ढिगाखाली. ७ तारखेला रात्री १२ वाजून २० मिनिटांनी सेकंड शिफ्टच्या सुपरवायझरने लिहिलंय, ‘काल बी लॉटमधले ५०० लागले होते लाइनला.’ त्यावर कुणीच काही बोललेलं नाही. आता हे ‘काल’ नेमकं कधीचं? घड्याळ बघितलं तर ६ तारीख, म्हणजे होल्ड लावल्यावरही माल वापरला, आणि ही गंभीर चूक ठरते. पण मध्यरात्री शिफ्ट संपवणाऱ्या माणसाचा ‘आज’ अजून ६ तारखेचाच असतो, म्हणजे त्याचा ‘काल’ ५ तारखेचा. ग्रुपमध्ये कितीही वर-खाली केलं तरी याचा निकाल लागणार नाही. स्टोअरची इश्यू स्लिप काढून बघावी लागते. तिच्यावर ५ तारीख आहे. लाइन थांबू नये म्हणून तपासणीआधीच माल दिला गेला होता. त्या ५०० सेटपैकी ३०० गोदामात अडवलेत आणि २०० सेट ६ तारखेला ग्राहकाकडे रवानाही झालेत.

मेलमध्ये ‘आज’, ‘काल’, ‘उद्या’ यांतला एकही शब्द राहू देऊ नये, तारीख आणि वार लिहावा, तो याचसाठी.

दुसरी गाठ ‘ओके’ची. १३ तारखेला परचेसने लिहिलं, ‘बदली माल येतोय, पण स्पेशल गाडीचं १८,००० भाडं आपण द्यावं म्हणतायत.’ पाठोपाठ क्वालिटीने अडवलेल्या ३०० सेटचा फोटो टाकला. मिनिटभरात प्रॉडक्शन हेडचं ‘ओके’ आलं. परचेसच्या मते भाड्याला मंजुरी मिळाली, क्वालिटीच्या मते फोटो पाहिल्याची पोच मिळाली. मूळ मेसेजला धरून रिप्लाय दिला असता तर प्रश्नच नव्हता. तसा नसेल तर वेळेवरून अंदाज बांधत बसू नये, त्या माणसाला फोन करावा. इथे त्यांनी सांगितलं की ‘ओके’ फोटोला होतं आणि भाड्याचा मेसेज त्यांनी वाचलाच नव्हता. म्हणजे १८,००० रुपयांचा निर्णय अजून झालेला नाही. अंगठ्याच्या खुणेचंही तेच. ती ‘पाहिलं’ सांगते, ‘मान्य’ सांगतेच असं नाही.

‘फोनवर बोललोय’ असा मेसेज दिसला की तिथेही थांबायला हवं. २०० सेटबद्दल ग्राहकाशी बोलल्याचं मार्केटिंगने लिहिलंय, पण कुणाशी आणि काय ठरलं ते नाही. विचारल्यावर कळलं की तोंडी कल्पना दिली आहे, लेखी काहीच गेलेलं नाही. मग मेलमध्येही ‘ग्राहकाला कळवले’ असं लिहिता येणार नाही.

एवढी खातरजमा झाल्यावर मेल लिहायला फार वेळ लागत नाही:

विषय: पिना, बी लॉट – आज, सोमवार १७ नोव्हेंबरला आपले दोन निर्णय हवेत

सर, नमस्कार.

१. बी लॉटच्या पिना लावलेले २०० सेट ६ नोव्हेंबरला ग्राहकाकडे गेले आहेत. मार्केटिंगने तोंडी कल्पना दिली आहे, लेखी कळवलेले नाही. पत्राचा मसुदा जोडला आहे. तो आज पाठवायचा का?

२. बदली ८,००० पिना मंगळवारी, १८ नोव्हेंबरला येणार आहेत. स्पेशल गाडीचे १८,००० रुपये सप्लायर आपल्याकडे मागत आहे. हे अद्याप कुणी मंजूर केलेले नाही. परचेसच्या मते भरावेत, क्वालिटीचा विरोध आहे.

सद्यस्थिती: बी लॉटमध्ये प्लेटिंग ५-६ मायक्रॉन (हवे किमान ८). ७,५०० पिना आणि ३०० तयार सेट होल्डवर. ए लॉटच्या ४,००० पिना तपासून वापरात.

५ नोव्हेंबरच्या सेकंड शिफ्टला ५०० पिना तपासणीआधी लाइनला दिल्या गेल्या. इश्यू स्लिप व तपासणी अहवाल सोबत आहेत.

यात कोण कोणाला काय बोललं ते नाही, लिहिणाऱ्याचं मतही नाही. परचेस आणि क्वालिटीचा मतभेद मात्र ठेवलाय, कारण साहेबांना निर्णय त्याच्यावरच द्यायचा आहे. तो गाळला असता तर एका बाजूला गप्प बसवल्यासारखं झालं असतं. तपासणीआधी माल दिल्याची ओळ काही जणांना बोचेल. तरी ती काढू नये, फक्त त्यात नाव न घालता कागद जोडावा. पाठवण्याआधी दोन्ही खात्यांना मसुदा दाखवून एकच विचारायचं, ‘तुमचं म्हणणं बरोबर आलंय का?’ भाषेच्या सुधारणा मागत बसलं तर चार ओळींच्या पुन्हा चाळीस होतात.

१२ तारखेच्या रात्री ग्रुपवर दोघांची चांगलीच जुंपली होती आणि नंतर चार मेसेज पुसले गेले. ते मेलमध्ये येत नाही. पण साहेब दोघांना एकत्र केबिनमध्ये बोलावणार असतील, तर त्याआधी त्यांच्या कानावर ते घालायला हवं. ते काम प्रॉडक्शन हेडनी समक्ष करावं, मेल लिहिणाऱ्या पोरावर सोडू नये.