चालत्या कामात नवा सहकारी : पहिला आठवडा

सॉफ्टवेअरच्या नोकरीत लागणारा विद्यार्थी कोऱ्या पाटीवर क्वचितच काम सुरू करतो. बहुधा तो दुसऱ्यांनी दोन-चार वर्षे चालविलेल्या कामात दाखल होतो. हा पहिला आठवडा आम्ही दोन्ही बाजूंनी पाहिला आहे, आधी नवखे म्हणून आणि पुढे नवख्याला सामावून घेणारे म्हणून. त्यातील एका प्रसंगाच्या आधारे चार गोष्टी मांडतो.

उशीर झालेल्या प्रकल्पात माणसे वाढविली तर तो आणखी लांबतो, असे फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ साली लिहून ठेवले. नव्याला शिकविण्यात जुन्यांचा वेळ जातो, हे एक कारण. दुसरे असे की, सहा जणांच्या गटात आपसांत बोलणाऱ्या जोड्या १५ असतात, सातवा येताच त्या २१ होतात. हा खर्च टळत नाही. मात्र जे सांगायचे ते आधीच लिहिलेले असेल तर तो बराच कमी होतो. अडचण एवढीच की, लिहिलेले पुरेसे आहे की नाही हे जुन्या माणसाला कळत नाही, कारण गाळलेली पायरी त्याच्या हाताला सवयीची झालेली असते.

आमच्या सहा जणांच्या गटात एक मुलगी सातवी म्हणून आली. काम होते ग्रंथालयाच्या देवघेवीचे. सोमवारी आम्ही तिला `README.md` ही माहितीची फाईल दिली आणि सांगितले, "यात लिहिले आहे तेवढेच करा. अडलात की अर्ध्या तासाने विचारा, त्याहून जास्त वेळ एकट्याने झगडू नका." फाईलमध्ये एवढेच होते:

```
git clone <repo> .
npm install
npm start
```

तिसऱ्या ओळीला पडद्यावर `ECONNREFUSED 127.0.0.1:5432` असे आले. ५४३२ हे पोस्टग्रेस डेटाबेसचे नेहमीचे पोर्ट. तेथे ऐकणारे कोणीच नाही, म्हणजे डेटाबेस सुरूच केलेला नाही, असा त्याचा अर्थ. आमच्या यंत्रांवर तो कायम चालू असे, म्हणून ती ओळ लिहावी हे आम्हा सहा जणांपैकी एकालाही सुचले नव्हते. शिवाय `.env.example` या नमुन्यावरून स्वतःची `.env` फाईल करायची, हेही राहिले होते. तिने या दोन ओळी `npm start` च्या आधी घातल्या:

```
cp .env.example .env
docker compose up -d db
```

मंगळवारी हीच दुरुस्ती तिचे पहिले काम म्हणून आम्ही स्वीकारली. काम लहान होते खरे. पण शाखा काढणे, बदल पाठविणे, दुसऱ्याने तो तपासणे आणि मग तो मुख्य शाखेत जाणे, हा सगळा रस्ता ती त्यात एकदा चालून आली. बुधवारी तिने पुस्तक परत घेण्याची एक नोंद पडद्यापासून डेटाबेसपर्यंत कशी जाते, ते कागदावर काढले. आकृतीत चूक निघाली की काय समजलेले नाही ते नेमके दिसते. "समजले का?" या प्रश्नाला तर सगळेच "हो" म्हणतात. गुरुवार-शुक्रवारी दंडाच्या हिशेबातील एक लहान चूक तिच्याकडे दिली.

आता परवानग्यांविषयी. गिटहबवर प्रकल्पाच्या परवानग्यांच्या पाच पायऱ्या आहेत: `Read`, `Triage`, `Write`, `Maintain` आणि `Admin`. आम्ही तिला `Write` दिली, पण `main` शाखेला असे संरक्षण लावले होते की दुसऱ्याच्या मंजुरीवाचून तेथे काहीच जाऊ नये. त्यामुळे नवख्याच्या हातून चूक झाली तरी ती त्याच्या शाखेपुरतीच राहते. प्रत्यक्ष वाचकांच्या नोंदी असलेल्या डेटाबेसची परवानगी पहिल्या आठवड्यात दिली नाही. तिला ती लागतही नव्हती.

पूर्वी आम्ही सर्वांसाठी एकच पासवर्ड ठेवून तो मोबाईलवरून कळवीत असू. एकदा नोंदी पुसल्या गेल्या, तेव्हा त्या कोणी पुसल्या हे सांगता येईना. सगळे एकाच नावाने आत जात होते ना! तेव्हापासून प्रत्येकाचे खाते वेगळे असते, आणि कोणाला काय, कोणी, कोणत्या तारखेला दिले याची वही ठेवतो. `.env` मधील गुप्त शब्द चुकून गिटमध्ये गेला, तर फाईल पुसून भागत नाही. तो इतिहासात राहतो, म्हणून तो शब्दच बदलावा लागतो.

कोणाला काय विचारायचे, हेही आम्ही नावानिशी लिहून दिले: डेटाबेससाठी एक जण, मंजुरीसाठी दोघे, आणि रोजच्या शंकांसाठी एक सोबती. सोबती मुद्दाम वर्षभरापूर्वी आलेला निवडला, कारण त्याला स्वतःचे अडणे अजून आठवत होते. त्या आठवड्यात त्याचे निम्मे काम कमी केले. तसे केले नाही तर सोबती नावापुरता राहतो आणि नवखा विचारायला संकोचतो.

शुक्रवारी अर्धा तास बसलो. "कुठे अडलात?" या प्रश्नावर तिने सात जागा सांगितल्या. पाच आम्ही त्याच दिवशी फाईलमध्ये लिहिल्या. उरलेल्या दोन कशा लिहाव्यात यावर आमच्यातच मतभेद झाला, कारण त्या बाबतीत आम्ही प्रत्येक जण वेगळेच काही करीत होतो.