परत आणून पाहिलेला बॅकअप

३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीच्या एका इंजिनिअरने एक कमांड दिली. जगभरचे प्रोग्रामर आपलं काम जिथे ठेवतात, अशी ही सेवा. तिचे डेटाबेस सर्व्हर दोन होते : एक मुख्य आणि दुसरा त्याची सतत प्रत ठेवणारा. दुसरा मागे पडला होता, म्हणून तो रिकामा करून प्रत नव्याने घ्यायची होती. पण फोल्डर पुसण्याची कमांड मुख्य सर्व्हरवर चालली. एक-दोन सेकंदांत चूक लक्षात येऊन ती थांबवली गेली, तोवर सुमारे ३०० जीबीपैकी जेमतेम ४.५ जीबी उरला होता.

दमलेल्या माणसाच्या हातून असं होतं, आणि त्यासाठीच बॅकअप असतो. गिटलॅबकडे तो एक नव्हे, अनेक प्रकारे घेतला जात होता. रोज डेटाबेसची एक प्रत ॲमेझॉनच्या क्लाउडवर जायची. ती शोधायला गेले, तर जागा रिकामी. प्रत काढणारा प्रोग्राम ९.२ आवृत्तीचा होता आणि डेटाबेस ९.६ चा, त्यामुळे तो दर वेळी सुरू होताच चूक दाखवून बंद पडत होता. मग कोणाला कळलं कसं नाही? चूक झाली की ईमेल जाण्याची सोय होती, पण त्या ईमेलवर आवश्यक सही-शिक्का नसल्यामुळे मेल सर्व्हर ते परत फिरवत होता. क्लाउड कंपनी डिस्कच्या प्रती ठेवून देते, ती सोय डेटाबेसच्या सर्व्हरसाठी चालूच केलेली नव्हती. आणि दुसरा सर्व्हर तर आधीच रिकामा केलेला.

वाचवलं ते योगायोगाने. दुसऱ्याच एका चाचणीसाठी त्याच इंजिनिअरने सुमारे सहा तास आधी हाताने एक प्रत घेतली होती. तीही संथ डिस्कवर होती, त्यामुळे ती परत आणायला सुमारे १८ तास लागले. मधल्या सहा तासांतले हजारो शेरे, प्रकल्पांच्या नोंदी आणि सुमारे ७०० नवी खाती कायमची गेली. लोकांचे मूळ कोड वेगळ्या जागी होते म्हणून ते वाचले. कंपनीने हे सगळं उघडपणे लिहून प्रसिद्ध केलं, आणि त्याबद्दल मला तिचा आदर वाटतो. बहुतेक ठिकाणी अशा घटना दडपल्या जातात.

या हकिकतीत हॅकर नाही, आग नाही, दुर्मीळ बिघाड नाही. कोणीही एकदा प्रत परत आणून पाहिली असती, तर रिकामी जागा त्याच दिवशी दिसली असती.

आपल्याकडे हा धोका लहान ऑफिसांत जास्त आहे, कारण तिथे बॅकअपकडे पाहायला वेगळा माणूस नसतो. समजा, एका करसल्लागाराचं तीन संगणकांचं ऑफिस आहे. टॅलीचा डेटा आणि ग्राहकांच्या स्कॅन केलेल्या कागदांचा साठा मिळून २०० जीबी, रोज रात्री क्लाउडवर जातो. पडद्यावर रोज हिरवी खूण येते. पण ती खूण काय सांगते? फाइल चढवण्याचं काम संपलं, एवढंच. रात्री टॅली उघडं राहिलं असेल, तर उघडी फाइल वगळून पुढे जाणारे प्रोग्राम असतात आणि तरीही शेवटी काम पूर्ण झाल्याचं सांगतात. सहा महिने असंच चाललं, तर क्लाउडवर स्कॅन सगळे सापडतील, हिशोब मात्र जुना निघेल.

दुसरी गफलत सिंकची. संगणकावरचा फोल्डर ड्राइव्हशी जोडला की बॅकअप झाला, असं पुष्कळांना वाटतं. पण सिंक बदलही तितक्याच इमानाने वर पोचवतो : इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं, आणि खंडणीखोर व्हायरसने फाइल कुलूपबंद केली की तीच कुलूपबंद फाइल वर जाते. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत पुसलेली फाइल ३० दिवस राहते. नुकसान दीड महिन्याने लक्षात आलं, तर हाती काही उरत नाही.

म्हणून दर तिमाहीला रिस्टोअरची रंगीत तालीम करावी. आर्थिक वर्षाशी जुळवून घेतली की ती लक्षात राहते.

एप्रिलमध्ये सोपं काम : तीन महिन्यांपूर्वीची एखादी फाइल, तीही त्या तारखेच्या रूपात, परत मागवायची. जुन्या आवृत्त्या खरोखर किती मागेपर्यंत सापडतात, ते यातून कळतं.

जुलैची तालीम मोठी. त्या ऑफिसने एक वेगळा लॅपटॉप घ्यावा आणि टॅलीचा सगळा डेटा त्यावर उतरवावा. चालू संगणकावर कधीच उतरवू नये. जुनी प्रत आजच्या हिशोबावर बसली, तर तालमीतच खरं नुकसान होईल. नुसता डेटा उघडला म्हणून समाधान मानायचं नाही. ३० जूनची तेरीज आधी छापून ठेवलेली असावी, आणि उतरवलेल्या डेटातून काढलेली तेरीज तिच्याशी पैशापर्यंत जुळावी. शेवटच्या व्हाउचरची तारीख पाहावी, म्हणजे किती दिवसांचं काम बुडालं असतं ते दिसतं. स्कॅनमधल्या वेगवेगळ्या वर्षांच्या दहा फाइली उघडाव्यात, फाइलींची एकूण संख्या मुळाशी ताडून पाहावी.

आणि घड्याळ लावावं. ५० एमबीपीएसचं कनेक्शन पूर्ण वेगाने चाललं, तरी २०० जीबी उतरायला सुमारे नऊ तास लागतात, प्रत्यक्षात जास्तच. विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेला हे नऊ तास कुठून आणणार? तालमीतून आपोआप क्रम ठरतो : आधी हिशोब, मग चालू वर्षाचे कागद, जुने स्कॅन सावकाश. स्वस्त म्हणून निवडलेल्या शीतगृहासारख्या साठ्याची गोष्ट आणखी वेगळी. ॲमेझॉनच्या सर्वांत स्वस्त वर्गात, ‘ग्लेशियर डीप आर्काइव्ह’मध्ये, फाइल मागितल्यावर ती उपलब्ध व्हायलाच १२ तासांपर्यंत लागू शकतात, आणि बाहेर काढण्याचे पैसे वेगळे.

ऑक्टोबरमध्ये तीच तालीम, पण नेहमीच्या माणसाशिवाय. ऑफिसचे संगणक आणि मालकांचा फोन नाही असं धरायचं आणि दुसऱ्या सहकाऱ्याने लिहून ठेवलेल्या सूचनांवरून डेटा उतरवायचा. माझ्या मते चारांतली हीच सर्वांत महत्त्वाची. लॉगिनचा ओटीपी हरवलेल्या फोनवर जातो, बॅकअपच्या कुलपाचा पासवर्ड त्याच बंद पडलेल्या संगणकात लिहिलेला असतो, खातं सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याच्या ईमेलवर असतं. हे सगळं इथेच उघडं पडतं. कूटबद्ध बॅकअपचा पासवर्ड गेला, तर क्लाउड कंपनीलाही बहुधा काही करता येत नाही. तो कागदावर, पाकिटात, ऑफिसबाहेर असावा.

जानेवारीत वर्षभराच्या त्रुटी दुरुस्त झाल्या का, ते पाहून गेल्या मार्चअखेरचा डेटा काढून पाहावा, कारण जुन्या वर्षाचे कागद नोटीस आल्यावरच लागतात.

प्रत्येक वेळी वहीत चार ओळी लिहाव्यात : तारीख, कोणी केलं, किती वेळ लागला, काय जुळलं नाही. अपयशाच्या ईमेलची वाट पाहू नये. तो न येणं हा पुरावा नाही. दर सोमवारी क्लाउडवरच्या सर्वांत नव्या प्रतीची तारीख आणि आकार स्वतः पाहावा. आकार एकदम घटला असेल, तर त्याच दिवशी शोध घ्यावा.

पुढच्या तिमाहीची वाट न पाहता या आठवड्यात एवढंच करा : महिन्याभरापूर्वीची एक फाइल आपल्या क्लाउडवरून दुसऱ्याच संगणकावर उतरवा आणि ती उघडून वाचा.