तुमचा निर्णय कोणता होता?

वरिष्ठ व्यवस्थापकाच्या मुलाखतीत ‘आम्ही खर्च कमी केला’ एवढं पुरत नाही. त्यात तुमचा निर्णय कोणता, हे मुलाखत घेणारे शोधत असतात. समजा, चाकणच्या कारखान्यात 2 कोटींच्या बजेटमधून 40 लाख कापायचे होते. सरसकट 20 टक्के कपात सोपी होती, पण त्यात देखभालीचे पैसे गेले असते आणि नवी लाइन वारंवार बंद पडली असती. म्हणून तुम्ही जुनी लाइनच बंद केली. तिथल्या 12 कामगारांपैकी 9 जण नव्या लाइनचं काम शिकले, तिघांना जावं लागलं. हे तिघं उत्तरात यायलाच हवेत; लपवलंत तर पुढचा प्रश्न नेमका तिथेच येतो. आणि जुन्या लाइनचा माल घेणारी गिऱ्हाइकं सोडायची, हे कोणत्या हिशेबावर ठरवलं? धोरणाची समज इथेच दिसते.