दलालाच्या पत्राला उत्तर देताना

घर विकले की दलालाचे पत्र येते: ‘८० लाखांच्या व्यवहारावर १ टक्का, म्हणजे ८० हजार रुपये द्या.’ व्यवहार तुम्ही थेट ठरवला असला, तरी उत्तर देण्याआधी एक गोष्ट तपासा: या खरेदीदाराला तुमच्याकडे पहिल्यांदा कोणी आणले?

दलालाने घर दाखवले आणि नंतर तुम्ही दोघांनी त्याला वगळून सौदा केला असेल, तर त्याचा दावा भक्कम ठरू शकतो. खरेदीदार सोसायटीतल्या ओळखीतून आला असेल, तर केवळ जाहिरात केल्याने मोबदला सहसा मिळत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २१९ नुसार, वेगळा करार नसेल तर नेमून दिलेले काम पूर्ण झाल्यावरच एजंटचा मोबदला देय होतो. मात्र ‘कोणीही गिऱ्हाईक आणले तरी दलाली द्यावी लागेल’ असे लिहिलेल्या कागदावर सही केली असेल, तर आधी वकिलाला दाखवा.

उत्तराचा नमुना

‘आपले पत्र मिळाले. खरेदीदाराची आणि आमची ओळख शेजाऱ्यांमार्फत झाली. आपण त्यांना घर दाखवलेले नाही. सबब मागणी मान्य नाही. याउलट पुरावा असल्यास भेटीची तारीख, संदेश व आपल्यातील कराराची प्रत पाठवावी. आमचे सर्व हक्क राखून हे उत्तर देत आहोत.’

उत्तर स्पीड पोस्टाने पाठवा. ‘थोडेफार देऊ’ असे मोघम लिहू नका. ती कबुली म्हणून पुढे केली जाते.