ड्रॉवरमधल्या सहा बाटल्या

मिलिंद एका कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. वय ४४. दिवसभर खुर्चीवर बसून काम, संध्याकाळी थकवा, रात्री अपुरी झोप आणि सुटलेले पोट. एका सहकाऱ्याने सांगितले म्हणून त्याने अश्वगंधाच्या कॅप्सूल सुरू केल्या. दुसऱ्याने गुळवेलीचे नाव सांगितले. चार महिन्यांत त्याच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये सहा बाटल्या जमल्या: अश्वगंधा, गुळवेल, काळी मिरी घातलेली हळद, ग्रीन टीचा अर्क, झोपेची 'आयुर्वेदिक' गोळी आणि ताकदीचे मिश्र चूर्ण. दुपारचा डबा खाऊन झाला की तो एकेक बाटली उघडत असे. "झाडपाला आहे, त्याने अपाय कसला होणार?" असे तो म्हणायचा.

पाचव्या महिन्यात त्याची भूक गेली, मळमळू लागले, अंगाला खाज सुटली. लघवी काळ्या चहासारखी होऊ लागली. उन्हाळा आहे, पाणी कमी पडत असेल, असे त्याला वाटले. एके सकाळी बायकोला त्याचे डोळे पिवळे दिसले.

रक्ततपासणीत एसजीपीटी ६२० निघाले. ते साधारण ४० पर्यंत असते. यकृताच्या पेशींना इजा झाली की हे द्रव्य रक्तात उतरते. बिलिरुबिन ६ होते. ते एकच्या आसपास हवे. कावीळ करणाऱ्या विषाणूंच्या चाचण्या निर्दोष आल्या. सोनोग्राफीत पित्ताचा खडा किंवा अडथळा दिसला नाही. दारू तो घेत नव्हता. डॉक्टरांनी विचारले, "कोणती औषधे चालू आहेत?" मिलिंद म्हणाला, "काहीच नाही." तेव्हा बायको म्हणाली, "अहो, त्या ड्रॉवरमधल्या बाटल्या?"

डॉक्टरांनी सगळ्या बाटल्या मागवल्या आणि कागदावर हिशेब मांडला. अश्वगंधाच्या ५०० मिलिग्रॅमच्या दोन कॅप्सूल म्हणजे १०००. मिश्र चूर्णात रोजचे ५०० आणि झोपेच्या गोळीत ३०० मिलिग्रॅम अश्वगंधाच होते. एकूण १८००. प्रत्येक बाटली आपापल्या जागी मर्यादेत होती, पण पोटात मात्र सगळ्यांची बेरीज होत होती. बाटल्यांवरची नावे वेगळी असली तरी आतले घटक तेच होते.

मग हळदीची गोष्ट. स्वयंपाकातल्या हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के असते. म्हणजे तीन ग्रॅमच्या एका चमच्यात सुमारे ९० मिलिग्रॅम. मिलिंदच्या ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये ९५ टक्के कर्क्युमिनचा अर्क होता, म्हणजे सुमारे ४७५ मिलिग्रॅम. एका कॅप्सूलमध्ये पाच चमचे हळद! शिवाय त्यात काळ्या मिरीतले पायपरिन होते. आतडे आणि यकृत ज्या क्रियेने अशी द्रव्ये निकामी करून बाहेर टाकतात, ती क्रिया पायपरिन मंदावते. त्यामुळे कर्क्युमिन रक्तात जास्त उतरते, आणि सोबत घेतलेल्या इतर काही औषधांचेही तसेच होऊ शकते. भाजीतली चिमूटभर हळद आणि हा अर्क यांना एकच समजणे ही मिलिंदची चूक होती.

"मग नेमका दोष कुणाचा?" त्याने विचारले. डॉक्टर म्हणाले, "तेच सांगता येत नाही. एकच बाटली असती तर तिच्यावर बोट ठेवता आले असते. अश्वगंधा, गुळवेल, हळदीचा अर्क, ग्रीन टीचा अर्क, या चारहींमुळे यकृताला इजा झालेले रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदले गेले आहेत." गुळवेलीनंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी कोरोनाच्या काळात केली होती. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला आक्षेप घेतला. तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी, असेही म्हटले गेले. पण बाटलीतली भुकटी कोणत्या वेलीची, हे घेणाऱ्यालाही पाहून ओळखता येत नाही. ही इजा फार थोड्या लोकांना होते, पण ती कुणाला होईल हे आधी कळत नाही. बाटल्या वाढल्या की शक्यताही वाढते.

सहाही बाटल्या बंद झाल्या. दोन आठवड्यांनी एसजीपीटी २८० वर आले, सहा आठवड्यांनी ७० वर आणि तीन महिन्यांत नेहमीइतके. इतर कारणे वगळल्यानंतर, घेणे थांबवताच आकडा उतरू लागला, हाच इथे मुख्य पुरावा. खात्री करण्यासाठी एखादी बाटली पुन्हा सुरू करून पाहणे मात्र धोक्याचे आहे. दुसऱ्या वेळी इजा अधिक लवकर आणि अधिक तीव्र होऊ शकते.

वाचकहो, आपल्या घरातही अशा बाटल्या असतील तर मागची यादी वाचा आणि एकच घटक किती ठिकाणी आला आहे ते मोजा. डॉक्टरांनी "औषधे कोणती?" असे विचारले की या बाटल्याही सांगा. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, भूक गेली तर त्या बंद करून त्याच दिवशी तपासणी करा. मात्र रक्तदाब, मधुमेह अशी डॉक्टरांनी दिलेली औषधे आपल्या मनाने थांबवू नका. काविळीसोबत गुंगी, असंबद्ध बोलणे किंवा रक्तस्राव दिसला तर तडक रुग्णालय गाठा.

मिलिंदचा थकवा? रक्तात हिमोग्लोबिन कमी निघाले. त्यावर एकच औषध चालू आहे.